चौकोन सपाट का बसत नाही?

क्रोशाचा चौकोन बिघडतो तो दोनच तऱ्हांनी. एक तर त्याच्या कडा वर उचलल्या जातात आणि मधला भाग खोल राहून त्याची वाटी होते, किंवा कडेला नको इतका ऐवज जमून तिथे लहरी पडतात, झालर होते. विणणाऱ्या बहुतेक जणी, आणि आता विणणारे पुरुषही, दोन्ही वेळी दोष हाताला देतात. वाटी झाली की हात घट्ट, झालर झाली की हात सैल. मग मोठ्या नंबरची सुई आणली जाते, लोकर बदलली जाते, इस्त्री फिरवली जाते आणि पुढचा चौकोन पुन्हा तसाच होतो. कारण बहुतेक वेळा हाताचा ताण हे मूळ नसतंच. मूळ असतं टाक्यांच्या हिशोबात, आणि हा हिशोब शाळेतल्या चौरसाच्या परिमितीपलीकडे जात नाही.

आपण मधून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी वाढणाऱ्या भरीव चौकोनाबद्दल बोलतो आहोत. ग्रॅनी स्क्वेअर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाळीदार चौकोनाचा हा सख्खा भाऊ. ब्लँकेट, उशीचे अभ्रे, पिशव्या यांसाठी हे चौकोन विणून एकमेकांना जोडतात. त्यात मुख्य टाका खांबाचा. सुईवर एक वेढा घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालून दोरा ओढून घ्यायचा आणि मग दोन-दोन घरं करत दोनदा काढायचा. वेढा न घेता केला तर तो मुका खांब, जो उंचीला साधारण निम्मा भरतो. या उंचीच्या फरकावरच पुढचं सगळं उभं आहे.

कागदावर एक चौरस काढा आणि त्याच्या चारही बाजूंनी सारख्या रुंदीची पट्टी लावा. पट्टीची रुंदी १ सेंटिमीटर असेल, तर नव्या चौरसाची प्रत्येक बाजू किती वाढली? एका टोकाला १ आणि दुसऱ्या टोकाला १, म्हणजे २ सेंटिमीटर. चार बाजूंची मिळून वाढ ८ सेंटिमीटर. मूळ चौरस लहान होता की मोठा, याने काही फरक पडत नाही. रुमाल असो की चादर, १ सेंटिमीटरची पट्टी लावली की परिमिती ८ सेंटिमीटरनेच वाढणार. विणकामात ही पट्टी म्हणजे एक फेरी, आणि पट्टीची रुंदी म्हणजे टाक्याची उंची. म्हणून प्रत्येक फेरीत कडेची लांबी टाक्याच्या उंचीच्या ८ पट वाढायला हवी. ही वाढ भरून काढायची ती जास्तीच्या टाक्यांनी, आणि असे किती टाके लागतील हे एका टाक्याच्या रुंदीवर ठरतं. थोडक्यात, टाक्याच्या उंचीला रुंदीने भागायचं आणि येईल त्याला ८ ने गुणायचं. उत्तर येईल तेवढे टाके दर फेरीला वाढवले, तर चौकोन टेबलावर सपाट पडतो. कमी वाढवले तर कडेला कापड अपुरं पडतं, ती आत ओढली जाते आणि वाटी होते. जास्त वाढवले तर उरलेल्या कापडाला जायला जागा नसते, ते वरखाली होतं आणि झालर पडते.

मुका खांब जवळपास जितका उंच तितकाच रुंद असतो. भागाकार १, म्हणून फेरीला ८ टाके वाढवायचे, म्हणजे एका कोपऱ्यात २. साधा खांब रुंदीच्या सुमारे दुप्पट उंच असतो, म्हणून फेरीला १६, एका कोपऱ्यात ४. नमुन्यांमध्ये कोपऱ्यासाठी ‘दोन खांब, दोन साखळ्या, दोन खांब’ असं लिहिलेलं असतं, ते यासाठीच. मधल्या दोन साखळ्या कोपऱ्याला टोक देतात. त्या दर फेरीला तेवढ्याच राहतात, म्हणून वाढीच्या हिशोबात धरायच्या नाहीत. गोल विणताना हाच हिशोब ८ ऐवजी ६.२८ ने, म्हणजे पायच्या दुपटीने करावा लागतो. म्हणून गोल रुमालाला मुक्या खांबात फेरीमागे ६ आणि खांबात १२ टाके वाढवतात. गोल विणायची सवय असलेला हात चौकोन घेतो आणि १२ वरच थांबतो, तेव्हा चौकोनाची वाटी होणं ठरलेलंच.

जाळीदार ग्रॅनी स्क्वेअरमध्ये हा हिशोब लपलेला असतो, पण असतो तोच. त्यात तीन-तीन खांबांचे गट असतात आणि दर फेरीला प्रत्येक बाजूला एक गट वाढतो. म्हणजे चार बाजूंचे १२ खांब झाले. पण बाजूवरच्या दोन गटांमध्ये एक साखळीही असते. गट वाढला की ही साखळीही बाजूमागे एक वाढते, म्हणजे आणखी ४. बेरीज पुन्हा १६. काही जणी गटांमधली साखळी गाळतात. सैल हात असेल तर गट जागेत पसरून ती उणीव भरून काढतात. हात घट्ट असेल तर हाच चौकोन पाच-सहा फेऱ्यांनंतर मधून खोल दिसायला लागतो. अशा वेळी सुई बदलण्याआधी ती एक साखळी परत घालून पाहावी.

आता भरीव चौकोनाची मोजणी. पहिल्या फेरीत मधल्या कड्यात १२ खांब असतात, दर तीन खांबांनंतर दोन साखळ्या. म्हणजे प्रत्येक बाजूला ३ खांब. पुढे दर फेरीला बाजूमागे ४ वाढतात, कारण बाजूच्या दोन्ही टोकांना कोपऱ्यातले दोन-दोन खांब तिच्या वाट्याला येतात. म्हणून बाजूवरची संख्या ३, ७, ११, १५, १९, २३ अशी चालते. पाठ करायची असेल तर फेरीच्या क्रमांकाला ४ ने गुणून १ वजा करावा. सहाव्या फेरीत ६ चोक २४, वजा १, म्हणजे २३. चार बाजूंचे ९२. नमुना हरवला, वही सापडली नाही, तरी एवढ्या एका सूत्रावर चौकोन तपासता येतो.

एकूण बेरीज जुळली म्हणून काम झालं असं मात्र नाही. ९२ खांब भरले, पण एका बाजूला २१ आणि समोरच्या बाजूला २५ असले, तर चौकोन एका अंगाला ओढला जातो आणि जोडायच्या वेळी शेजारच्या चौकोनाशी टाक्याला टाका लागत नाही. मोजायचं ते बाजूबाजूने, कोपऱ्याच्या साखळीपासून कोपऱ्याच्या साखळीपर्यंत.

टाके हरवतात कुठे? सगळ्यात जास्त हरवतो तो कोपरा संपल्यानंतरचा पहिला टाका. त्याचं कारण खांबाच्या बांधणीत आहे. उजव्या हाताने विणताना खांबाचं वरचं तोंड, म्हणजे ज्यात पुढच्या फेरीत सुई घालायची ते दोन दोऱ्यांचं घर, खांबाच्या दांड्याच्या बरोबर वर नसून किंचित उजवीकडे सरकलेलं असतं. आपण विणत जातो उजवीकडून डावीकडे. कोपऱ्याच्या जागेत नवे खांब घातले की ते फुगून डावीकडे पसरतात आणि शेजारच्या पहिल्या टाक्याचं तोंड त्यांच्या खाली दडतं. डोळ्याला पहिला स्वच्छ दिसतो तो खरं म्हणजे दुसरा टाका. सुई तिथे जाते. चारही कोपऱ्यांवर हे घडलं की फेरीला ४ टाके गळतात. वाढ १६ ऐवजी १२ होते, आणि विणणारीला वाटतं की आपण नमुना अक्षरशः पाळतो आहोत. कोपऱ्यातले चार खांब तिने बरोबरच घातलेले असतात.

हा टाका शोधायला कोपऱ्यातले नवे खांब अंगठ्याने किंचित उजवीकडे सारायचे आणि खालच्या फेरीचा कोपऱ्याच्या साखळ्यांनंतरचा पहिला खांब त्याच्या दांड्यावरून वर तोंडापर्यंत न्याहाळायचा. तोंड सापडलं की त्यात एक सेफ्टी पिन किंवा वेगळ्या रंगाच्या लोकरीचा तुकडा अडकवून ठेवावा. दर कोपऱ्याला अशी खूण केली, की दोन फेऱ्यांत डोळा सरावतो आणि पिनेची गरज राहत नाही.

दुसरी गळती फेरीच्या सुरुवातीला होते. नवी फेरी तीन साखळ्यांनी सुरू करतात आणि त्या तीन साखळ्या पहिला खांब म्हणून धरतात. फेरी संपवताना, किंवा पुढच्या फेरीत तिथे पोहोचल्यावर, या साखळ्यांच्या माथ्यावर टाका घालायचा राहून जातो, कारण तो खांबासारखा दिसत नाही. ही चूक ओळखणं सोपं आहे. वाटी सगळीकडून सारखी न होता एकच बाजू आखडते, आणि ती नेमकी फेरी जिथे सुरू होते तिथलीच असते. याउलट तीन साखळ्या खांब म्हणून धरल्या आणि शिवाय त्यांच्याच पायाशी आणखी एक खांब घातला, तर त्या एका बाजूला टाका वाढत जातो आणि तिथेच लाट उठते.

एक चौकोन फेरी-फेरीने तपासून पाहू. मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची सुई, पाच फेऱ्या झालेल्या. टेबलावर ठेवला की चारही कडा वर येतात. हाताने दाबला तर सपाट होतो, हात काढला की पुन्हा उचलला जातो. एका बाजूवर मधून बाहेर फेऱ्या मोजत गेलो, तर संख्या मिळतात ३, ७, १०, १३, १६. पहिल्या दोन फेऱ्या बरोबर आहेत. तिसऱ्या फेरीत ११ हवे होते, १० आहेत, आणि तिथून पुढे वाढ ४ ऐवजी ३ ची आहे. म्हणजे तिसऱ्या फेरीपासून दर कोपऱ्यानंतरचा टाका सुटतो आहे. पाचव्या फेरीत बाजूला १९ ऐवजी १६, चार बाजूंचे ७६ ऐवजी ६४. बारा खांब कमी.

इथे एक गोष्ट नीट पाहायला हवी. वाटी डोळ्याला दिसते ती चौथ्या-पाचव्या फेरीत, पण चूक तिसरीत आहे. विणलेलं कापड ताणलं जातं, त्यामुळे चार टाक्यांची उणीव ते काही काळ सोसतं आणि मग एकदम कड उचलतं. म्हणून जिथे दोष दिसतो तेवढीच फेरी उसवून उपयोग नसतो. मधून मोजत बाहेर यायचं आणि जिथे संख्या पहिल्यांदा चुकते तिथपर्यंत मागे जायचं. या चौकोनाच्या तीन फेऱ्या उसवायच्या आणि दुसरी फेरी पक्की धरून पुढे निघायचं.

उसवायचं जिवावर येतं आणि मग एक पळवाट सुचते. बारा खांब कमी आहेत ना, मग सहाव्या फेरीत १६ ऐवजी २८ वाढवून टाकू. बेरीज ९२ होईलही, पण चौकोन सुधारणार नाही. आतली तिसरी ते पाचवी फेरी आहे तेवढीच आखडलेली राहते आणि तिच्याबाहेर मोकळी फेरी येते. खोल वाटीला पसरट काठ लागतो, एवढंच. दर फेरीने आपल्यापुरती वाढ आपणच द्यायची असते, नंतरची फेरी मागचं देणं फेडू शकत नाही. शेवटच्याच फेरीत दोन-तीन टाके चुकले असतील तर पुढच्या फेरीत ते निमूटपणे भरून घेतले तरी चालतं. त्याहून जास्त असेल तर उसवणं हाच खरा उपाय.

झालरीच्या बाबतीत मोजणी तीच, उलट अंगाने. संख्या ३, ७, १२, १७ अशी जात असेल, तर बहुधा बाजूच्या शेवटच्या खांबानंतर कोपऱ्याच्या साखळीच्या अलीकडे एक जादा टाका पडतो आहे, किंवा एकाच घरात दोनदा सुई जाते आहे. संख्या अगदी बरोबर असूनही फक्त कोपरे कुत्र्याच्या कानासारखे उलटत असतील, तर तिथल्या साखळ्या पाहाव्यात. त्या फार घट्ट असतील तर टोकाला जागा मिळत नाही. तिथे दोनाऐवजी तीन साखळ्या घातल्या की टोक खाली बसतं. उलट कोपरा टोकदार न होता ढिला लोंबत असेल तर साखळ्या कमी कराव्यात.

आता खरा पेच. मोजणी बाजूबाजूने बिनचूक आहे, १५ च्या जागी १५ आणि १९ च्या जागी १९, तरीही चौकोन वाटी होतो किंवा लहरतो. अशा वेळी नमुन्यातला १६ हा आकडा तपासायला हवा. तो आकडा खांब रुंदीच्या दुप्पट उंच असतो असं धरून आलेला आहे. तुमच्या हातचा खांब तसा असेलच असं नाही. वेढा घेऊन सुई टाक्यात घातल्यावर दोरा किती वर ओढता, यावर खांबाची उंची ठरते. काही जणी तो जेमतेम सुईपुरता ओढतात, खांब बुटका होतो. काहींचा हात वर उचलायचा असतो, खांब लांब होतो. रुंदी मुख्यतः सुईच्या जाडीवर ठरते. म्हणून दोन विणणाऱ्यांचा नमुना एक, लोकर एक, सुई एक, मोजणीही एक असून एकीचा चौकोन सपाट आणि दुसरीचा लहरी होऊ शकतो.

हे मोजायला वाटी झालेला चौकोन घेऊ नये, कारण तो आधीच ओढलेला असतो. त्याच लोकरीने आणि सुईने खांबाच्या सरळ ओळींचा हातभर नव्हे, पण तळहातापेक्षा बराच मोठा नमुना विणावा आणि मधल्या भागात १० सेंटिमीटरमध्ये किती खांब आणि किती ओळी बसतात ते पट्टीने पाहावं. समजा १६ खांब आणि ८ ओळी बसल्या. म्हणजे ओळीच्या उंचीत दोन खांबांची रुंदी मावते, १६ भागिले ८ बरोबर २, गुणिले ८ बरोबर १६. नमुना जसाच्या तसा विणावा. दुसऱ्या एखादीचे खांब १६ पण ओळी १० बसतात. तिचे खांब बुटके आहेत. १६ भागिले १० म्हणजे १.६, गुणिले ८ म्हणजे १२.८. तिला फेरीला तेरा टाके पुरेसे आहेत आणि नमुना तिच्याकडून सोळा घालून घेतो. तिचा चौकोन लहरणारच. तिसरीच्या ओळी सातच बसतात. १६ भागिले ७ म्हणजे जवळपास २.३, आणि तिची गरज अठरा टाक्यांची. तिची वाटी होणार.

तेरा किंवा अठरा ही संख्या चार कोपऱ्यांत सारखी वाटता येत नाही. म्हणून एका फेरीत न पाहता तीन फेऱ्यांचा मिळून हिशोब करावा. बुटक्या खांबांना तीन फेऱ्यांत सुमारे ३८ टाके हवेत. दोन फेऱ्या नेहमीच्या, १६ आणि १६, आणि तिसऱ्या फेरीत कोपऱ्यात फक्त ‘एक खांब, दोन साखळ्या, एक खांब’, म्हणजे ८. बेरीज ४०, फरक दोनच टाक्यांचा, तो कापड पोटात घेतं. उंच खांबांना तीन फेऱ्यांत सुमारे ५५ हवेत. तिथे दोन फेऱ्या नेहमीच्या आणि तिसऱ्या फेरीत कोपऱ्यात ‘तीन खांब, दोन साखळ्या, तीन खांब’, म्हणजे २४. बेरीज ५६. वरची ४ गुणून १ वजा करायची पट्टी अशा चौकोनाला लागू होणार नाही, पण चारही बाजू एकमेकींशी जुळतात की नाही, हे तरीही पाहायचंच.

दुसरा मार्ग हाताची सवय बदलण्याचा. दोरा ओढून घेताना जाणीवपूर्वक थोडा वर किंवा थोडा खाली थांबवायचा. मला हा मार्ग लहान कामाला आवडतो, मोठ्या कामाला नाही. चाळीस चौकोनांच्या ब्लँकेटमध्ये हात कधी ना कधी आपल्या वळणावर जातो आणि पहिला चौकोन नि शेवटचा चौकोन वेगळे दिसतात. कोपऱ्याचा हिशोब बदलणं त्याहून भरवशाचं. सुई बदलण्याचा उपाय मात्र जितका सुचवला जातो तितका कामाचा नाही. जाड सुई घेतली की टाका रुंदही होतो आणि उंचही. भागाकार फारसा हलत नाही, चौकोन फक्त मोठा होतो. विणता विणता हात हळूहळू घट्ट होत गेला असेल, तरच बाहेरच्या फेऱ्यांना पुढच्या नंबरची सुई घेतल्याचा फायदा दिसतो.

नमुना कुठल्या देशाचा आहे, याकडेही एकदा पाहावं. अमेरिकन नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे आपला खांब. ब्रिटिश नमुन्यातला ‘डबल क्रोशे’ म्हणजे मुका खांब, आणि आपल्या खांबाला ते ‘ट्रेबल’ म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या पुस्तिका बऱ्याचदा ब्रिटिश पद्धतीच्या, आणि व्हिडिओ बरेचसे अमेरिकन. खांबासाठी लिहिलेला नमुना मुक्या खांबाने विणला, तर उंची निम्मी आणि वाढ तीच १६, म्हणजे गरजेच्या दुप्पट. तिसऱ्या-चौथ्या फेरीतच झालर उभी राहते. ओळखायची खूण सोपी आहे. नमुन्यात कुठेही ‘सिंगल क्रोशे’ हा शब्द आला, तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत तो टाका त्या नावाने येतच नाही.

उंची बदलली की वाढ बदलायची, हे किनारीच्या वेळी सर्वांत जास्त विसरलं जातं. खांबाचा सपाट चौकोन तयार होतो आणि त्याला शेवटी मुक्या खांबाची एक फेरी घालतात. हात सवयीने कोपऱ्यात दोन, साखळ्या, दोन असं घालतो. पण ही फेरी निम्म्या उंचीची आहे, तिला ८ च टाके वाढायला हवेत. बाजूच्या प्रत्येक खांबावर एक मुका खांब, कोपऱ्यात साखळीच्या दोन्ही अंगांना एकेक, एवढंच पुरतं. सबंध चौकोन सुंदर आणि फक्त काठ लहरलेला दिसला, तर आतलं काही उसवू नये. किनार तेवढी काढून नव्याने घालावी. मुका खांब आणि खांब यांच्या मधला अर्धा खांब वापरला असेल, तर त्याची उंची रुंदीच्या साधारण दीडपट धरावी. गरज १२ ची येते, म्हणून एक फेरी ८ ने आणि पुढची १६ ने वाढवत जावी.

झालरीमागचं गणित किती पक्कं आहे, हे १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एका गणितज्ञ बाईंनी क्रोशाच्या सुईनेच दाखवलं. लाटव्हियात जन्मलेल्या डायना टाइमिन्या यांना विद्यार्थ्यांना अतिपरवलयी प्रतल, म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी घोड्याच्या खोगिरासारखी वाकणारी भूमिती, हातात देऊन समजवायची होती. कागदाची प्रतिकृती फाटायची. त्यांनी मुद्दाम टाके वाढवत विणलं. फेरीमागे ठरावीक संख्येने नव्हे, तर ठरावीक प्रमाणात, म्हणजे दर काही टाक्यांमागे एक जादा. असं केलं की फेरीगणिक वाढ स्वतःच वाढत जाते आणि कापडाला लहरींशिवाय पर्यायच राहत नाही. आपला चौकोन लहरतो तेव्हा तेच घडतं, नकळत. म्हणून भरपूर झालर पडलेला चौकोन इस्त्रीने सपाट होत नाही. जास्तीचं कापड इस्त्रीखाली दुमडतं, नाहीसं होत नाही.

ओलं करून ताणण्याचा उपयोग आहे, पण त्याला मर्यादा आहे. सुती दोऱ्याच्या रुमालांना खळ किंवा साबुदाण्याची पातळ पेज देऊन, टाचण्यांनी ताणून सुकवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि रुखवतातले रुमाल ताठ राहायचे ते त्यामुळेच. किंचित उचललेली कड त्याने बसते. खरी लोकर पाण्याने मऊ होऊन नवा आकार धरते. ऍक्रिलिकची लोकर, जी आपल्या बाजारात सर्वांत जास्त मिळते, पाण्याला फारशी दाद देत नाही. तिला इस्त्री न टेकवता वरून वाफ द्यावी लागते. इस्त्री टेकली तर धागा वितळून कापड कायमचं लुळं पडतं. साधी चाचणी अशी, की चौकोन कोरडाच टेबलावर ठेवून कडा बोटांनी हलकेच ताणाव्यात. सहज सपाट होत असेल तर पाणी किंवा वाफ पुरेल. ताणूनही मध्ये फुगवटा राहत असेल किंवा कडेला दुमड पडत असेल, तर हिशोब चुकलेला आहे आणि तो टाचणीने सुटणार नाही.

ब्लँकेटला हात घालणार असाल तर पहिला चौकोन पूर्ण करा, बाजूबाजूने मोजा, धुऊन सावलीत वाळवा आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर ठेवून पाहा. तो हाताने न दाबता सपाट पडला, तरच त्याचा कोपऱ्याचा हिशोब वहीत लिहून ठेवा आणि उरलेले चौकोन विणायला घ्या.